ओळीशेजारचें कारण

नभोवाणीवरून गणिताविषयीं बोलणें म्हणजे फळ्यावांचून तास घेणें आहे. हातीं खडू नाहीं, आणि सांगितलेलें कळलें कीं नाहीं हें समोरच्या चेहऱ्यांवरून ताडण्याचीही सोय नाहीं. म्हणून आरंभींच एक विनंती करतों. ज्यांना शक्य असेल त्यांनीं एक कोरा कागद व पेन्सिल जवळ घ्यावी. कागदाला उभी घडी अशी घालावी कीं डावीकडे सुमारें दोन तृतीयांश जागा राहील आणि उजवीकडे एक तृतीयांश. डावीकडे आपण गणिताच्या ओळी लिहूं, त्यांना आंकडे घालूं, आणि उजवीकडे प्रत्येक ओळीसमोर ती ओळ कोठून आली याचें थोडक्यांत कारण लिहूं. आजचें माझें बोलणें त्या उजवीकडच्या अरुंद पट्टीविषयीं आहे.

ही पट्टी आपणां कोणालाच नवीन नाहीं. शाळेंत भूमितीची सिद्धता लिहितांना पक्ष, साध्य, रचना असें करून आपण प्रत्येक विधानापुढें कंसांत कारण लिहिलेलें असतें. ‘पक्षांत दिलेलें आहे,’ ‘व्युत्क्रम कोन,’ ‘रचनेवरून,’ अशीं तीं कारणें असतात. कारण लिहिलें नाहीं तर शिक्षक गुण कापतात, हें मुलांना पक्कें ठाऊक असतें. परंतु तोच मुलगा पुढच्या तासाला बीजगणिताची वही उघडतो आणि सारीं कारणें घरीं ठेवून येतो. ‘म्हणून,’ ‘म्हणून,’ ‘म्हणून,’ असें लिहीत तो पानाच्या तळाशीं पोंचतो व उत्तराखालीं दोन रेघा ओढतो. त्यांतलें प्रत्येक ‘म्हणून’ कशाच्या जोरावर उभें आहे, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. मींही पुष्कळ वर्षें विचारलें नाहीं. तें विचारावयास मला एका विद्यार्थिनीनें शिकविलें. तो प्रसंग सांगून मग गणिताकडे वळतों.

दहाव्या इयत्तेनंतरच्या कांहीं हुशार मुलामुलींना मी संध्याकाळीं अधिक गणित शिकवीत असें. त्या दिवशीं फळ्यावर हें समीकरण होतें. आपणही तें कागदाच्या डाव्या भागांत लिहून घ्यावें:

√(३क्ष + १) + √(क्ष − १) = २

वाचून सांगतों. ‘तीन क्ष अधिक एक’ याचें वर्गमूळ, अधिक ‘क्ष वजा एक’ याचें वर्गमूळ, यांची बेरीज दोन. क्ष काढावयाचा. येथें वर्गमूळ म्हणजे धन वर्गमूळ, किंवा शून्य, ऋण नव्हे. रीत पुस्तकांतलीच. एक मूळ उजवीकडे न्यावें, वर्ग करावा, आवराआवर करावी, उरलेल्या मुळासाठीं पुन्हां वर्ग करावा, अवयव पाडावे. मीं तसें केलें आणि उत्तरें आलीं दोन: क्ष बरोबर १, किंवा क्ष बरोबर ५. मग मीं नेहमींप्रमाणें म्हटलें, ‘आतां ताळा पाहा.’ १ घातला तर पहिलें मूळ २, दुसरें ०, बेरीज २, जमलें. ५ घातले तर पहिलें मूळ ४, दुसरें २, बेरीज ६, जमलें नाहीं. ‘म्हणून ५ हें उत्तर टाकून द्या,’ असें म्हणून मीं फळा पुसावयास घेतला.

तेव्हां मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘गुरुजी, सगळ्या पायऱ्या बरोबर असतील तर चुकीचें उत्तर आलें कोठून? आणि एखादी पायरी चुकली असेल तर ती कोणती?’

मीं सांगितलें कीं वर्ग केल्यामुळें असें होतें. त्यावर ती शांतपणें म्हणाली, ‘पण आपण वर्ग दोनदां केला आहे. पांच कोणत्या वर्गाच्या वेळीं आले?’

श्रोतेहो, खरें सांगतों, मला उत्तर देतां आलें नाहीं. ‘उद्यां पाहूं’ असें म्हणून मीं वेळ मारून नेली. इतकीं वर्षें मी तें समीकरण, किंवा त्याच्यासारखीं शेंकडों समीकरणें, सोडवीत होतों. परंतु परका पाहुणा कोणत्या दारानें आंत येतो हें मीं कधीं पाहिलें नव्हतें. तो आला कीं त्याला हांकलून द्यावयाचें, एवढेंच मी शिकवीत होतों.

त्या रात्रीं मीं तें सारें गणित पुन्हां लिहावयास घेतलें. फळ्यावर मीं लिहिलें होतें त्यांत एकेका ओळींत तीन तीन कामें उरकलेलीं होतीं. त्या ओळीसमोर कारण लिहूं गेलों तर तें कारण कांहीं थोडक्यांत मावेना. ‘वर्ग करून, पदें एकत्र करून, दोनानें भागून’ असें लांबलचक होऊं लागलें. तेव्हां पहिला धडा मिळाला तो हा, कीं ज्या ओळीचें कारण एका लहानशा वाक्यांत बसत नाहीं, ती ओळ मोडून तिच्या दोन ओळी कराव्या. एका ओळींत एकच कृति. डावी बाजू किती तोडावी हें आपोआप उजवी पट्टी ठरविते.

दुसरी गोष्ट कारणाच्या शब्दांची. ‘सोपें रूप देऊन,’ ‘सोडवून,’ ‘उघड आहे,’ हीं कारणें नव्हेत. तीं कारण नाहीं हें लपविण्याचीं साधनें आहेत. कारणांत दोन गोष्टी असाव्या: कोणत्या आंकड्याच्या ओळीवर काम केलें, आणि नेमकें काय केलें. याची परीक्षा सोपी आहे. डावा भाग हातानें झांकावा आणि पहिली ओळ व उजवीकडचीं कारणें एवढ्यांवरून शेजाऱ्याला गणित उभें करावयास सांगावें. त्याला तें जमलें तर कारणें पुरीं आहेत. तो जेथें अडेल तेथें आपण कांहीं तरी गिळलेलें आहे.

आतां त्या रात्रीं मीं लिहिलेलीं ओळ व कारणें सांगतों. आपण बरोबर लिहीत चला. मी सावकाश सांगेन.

(१) √(३क्ष + १) + √(क्ष − १) = २ … दिलेलें समीकरण.

(२) क्ष ≥ १ … (१) मधील दुसऱ्या मुळाखालीं क्ष − १ आहे. तें ऋण असून चालणार नाहीं.

(३) √(३क्ष + १) = २ − √(क्ष − १) … (१) च्या दोन्ही बाजूंतून √(क्ष − १) वजा केले.

(४) ३क्ष + १ = ४ − ४√(क्ष − १) + (क्ष − १) … (३) च्या दोन्ही बाजूंचा वर्ग; उजवीकडे पहिल्याचा वर्ग, दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट, दुसऱ्याचा वर्ग.

(५) २क्ष − २ = −४√(क्ष − १) … (४) च्या दोन्ही बाजूंतून क्ष + ३ वजा केले.

(६) क्ष − १ = −२√(क्ष − १) … (५) ला २ नें भागलें; २ हे शून्य नाहींत.

(७) (क्ष − १)² = ४(क्ष − १) … (६) च्या दोन्ही बाजूंचा वर्ग.

(८) (क्ष − १)(क्ष − ५) = ० … (७) च्या दोन्ही बाजूंतून ४(क्ष − १) वजा करून क्ष − १ हा समान अवयव बाहेर काढला.

(९) क्ष = १ किंवा क्ष = ५ … (८) वरून; गुणाकार शून्य असेल तर एक तरी अवयव शून्य असतो.

दुसऱ्या ओळीकडे आपलें लक्ष गेलें असेल. ती फळ्यावर नव्हती. पहिल्या ओळीसमोर कारण लिहितांना ‘हीं मुळें अस्तित्वांत केव्हां असतात?’ असा प्रश्न सहज पडला आणि तिचा जन्म झाला. त्या रात्रीं तिचा मला फारसा उपयोग दिसला नाहीं. ती पुढें कामास येणार होती.

येथवर आल्यावर मीं एक केलें. प्रत्येक कारण वाचून स्वतःला विचारलें, ‘ही पायरी खालून वर चढतां येईल काय?’ तिसऱ्या ओळीवरून पहिलीवर जातां येतें. जें वजा केलें तें मिळविलें कीं झालें. सहाव्या ओळीला दोनानें गुणलें कीं पांचवी परत मिळते. परंतु चौथ्या ओळीवरून तिसरीवर, आणि सातवीवरून सहावीवर, असें निर्धास्तपणें चढतां येत नाहीं. कारण ४ आणि −४ या निराळ्या संख्या आहेत, पण दोहोंचा वर्ग १६ च. वर्ग समान आहेत एवढ्यावरून मूळ संख्या समान आहेत असें म्हणतां येत नाहीं. वर्ग करतांना चिन्ह पुसलें जातें आणि पुसलेलें चिन्ह परत मिळत नाहीं. म्हणून या दोन ओळींच्या कारणांपुढें मीं ‘एकेरी’ असा शब्द लिहिला. नऊ ओळींत एकेरी रस्ते दोनच, आणि तेथूनच कोणी परका आंत येऊं शकतो.

मुलीच्या प्रश्नाचा निकाल आतां दोन मिनिटांत लागण्यासारखा होता. क्ष च्या जागीं ५ घालून मी ओळी खालून वर वाचीत गेलों. आठवी ओळ: ४ गुणिलें ०, बरोबर ०, खरी. सातवी ओळ: डावीकडे ४ चा वर्ग १६, उजवीकडे ४ गुणिलें ४ म्हणजे १६, खरी. सहावी ओळ: डावीकडे ४, उजवीकडे −२ गुणिलें २ म्हणजे −४. खोटी! म्हणजे पांच आले ते सहावी व सातवी या दोन ओळींच्या मध्यें, दुसऱ्या वर्गाच्या वेळीं. पहिला वर्गही एकेरी होता खरा, पण त्या दारानें या गणितांत कोणी आलें नाहीं. ५ घातले असतां चौथी ओळही खोटीच ठरते, हें आपण पडताळून पाहावें.

इतकेंच नव्हे, तर हा पाहुणा कोणाच्या घरचा हेंही कळलें. सातव्या ओळींत चिन्ह पुसलें गेलें आहे, म्हणून ती ओळ जशी सहावीवरून येते तशीच क्ष − १ = +२√(क्ष − १) या निराळ्या ओळीवरूनही येते. ती निराळी ओळ मूळच्या समीकरणांत अधिकाच्या जागीं वजा लिहिलें असतां मिळते. म्हणजे दोन मुळांची बेरीज २ असें न म्हणतां वजाबाकी २ असें म्हटलें, तर ५ हें अगदीं प्रामाणिक उत्तर आहे: ४ वजा २, बरोबर २. तें चुकीचें उत्तर नव्हतें. तें शेजारच्या प्रश्नाचें उत्तर होतें.

दुसऱ्या दिवशीं मीं हें सारें मुलांना दाखविलें, आणि प्रत्येकाला आपापल्या वहींतलें तेंच उदाहरण या पद्धतीनें पुन्हां लिहावयास सांगितलें. त्यांतून जें बाहेर आलें त्यानें मी अधिकच खजील झालों.

एका मुलानें आदल्या दिवशीं ‘या समीकरणाला उत्तर नाहीं’ असें लिहिलें होतें. त्याचें काम सहाव्या ओळीपर्यंत बरोबर होतें. तेथून त्यानें वर्ग न करतां दोन्ही बाजूंना √(क्ष − १) नें भागलें. डावीकडे उरलें √(क्ष − १), उजवीकडे −२. धन वर्गमूळ ऋण संख्येइतकें कसें असेल? म्हणून उत्तर नाहीं. विचार किती सरळ! आतां पट्टींत कारण लिहावयाची वेळ आली. वरच्या सहाव्या ओळीच्या नमुन्याप्रमाणें त्यानें लिहिलें, ‘(६) ला √(क्ष − १) नें भागलें, तें शून्य…’ आणि तेथेंच त्याची पेन्सिल थांबली. तें शून्य नाहीं हें कशावरून? दुसरी ओळ तर सांगते कीं क्ष एक असूं शकेल, आणि तेव्हां हेंच मूळ शून्य होतें. त्यानें भागून खरें उत्तरच फेंकून दिलें होतें.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. वर्ग केल्यानें परकें उत्तर आंत येतें, पण तें ताळा पाहतांना पकडलें जातें. अव्यक्त राशीनें भागल्यानें खरें उत्तर बाहेर जातें, आणि जें हातांत नाहीं त्याचा ताळा कोण पाहणार? तें हरवलें आहे हें कळण्याचें ठिकाण एकच, भागाकाराच्या ओळीपुढचें कारण. म्हणून भागाकाराचें कारण ‘अमुक नें भागलें’ इतकें पुरत नाहीं. ‘आणि तें शून्य नाहीं, कारण…’ येथपर्यंत तें गेलें पाहिजे. कारण सांपडत नसेल तर दोन वाटा करून लिहावें: तें शून्य असेल तेव्हां काय, आणि नसेल तेव्हां काय. त्या मुलानें तसें केलें. शून्य आहे असें धरलें तर क्ष = १, आणि पहिल्या ओळींत तो जमतो. शून्य नाहीं असें धरलें तर उत्तर मिळत नाहीं. एकूण उत्तर एकच.

दुसऱ्या एका मुलाची वही याहून वाईट निघाली. वाईट माझ्या दृष्टीनें, कारण त्याचें उत्तर बरोबर होतें आणि तशाच उत्तराला मीं पूर्वीं कितीदां तरी पुरे गुण दिले असतील. त्याच्या वहींत परका पाहुणा आलाच नव्हता. तिसऱ्या ओळीनंतर त्यानें लिहिलें होतें, ३क्ष + १ = ४ + (क्ष − १). मधलें पद, दुप्पट गुणाकाराचें, साफ गाळलेलें! मग पुढें २क्ष = २, क्ष = १, आणि ताळाही बरोबर. चुकीच्या पायरीवरून पाय घसरला आणि तो नेमका दारांत येऊन पडला. हा योगायोग याच आंकड्यांचा आहे. उजवीकडे २ च्या जागीं ६ घातले तर खरें उत्तर ५ आहे, पण याच रीतीनें ३क्ष + १ = ३६ + (क्ष − १) होऊन उत्तर १७ येतें. ‘वर्ग करून’ एवढेंच कारण लिहिलें असतें तर ही गळती तशीच निसटली असती. ‘पहिल्याचा वर्ग, गुणाकाराची दुप्पट, दुसऱ्याचा वर्ग’ असें तीन तुकड्यांचें कारण लिहावयास घेतल्याबरोबर त्याला समोरच्या ओळींत दोनच तुकडे दिसले, आणि तो आपण होऊन जागेवरून उठून आला.

ताळ्यावर सारी भिस्त ठेवणाऱ्यांसाठीं आपल्याकडचें एक जुनें उदाहरण सांगण्यासारखें आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, वानरांच्या कळपाचा एक प्रश्न आहे. कळपाचा पांचवा हिस्सा घ्यावा, त्यांतून तीन वजा करावे, जें उरेल त्याचा वर्ग करावा. इतकीं वानरें गुहेंत गेलीं आणि एक फांदीवर दिसत आहे. तर कळप केवढा? समीकरण मांडून सोडविलें तर उत्तरें येतात ५० आणि ५. ५० चा पांचवा हिस्सा १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, आणि एक मिळून ५०. आतां ५ पाहा. पांचवा हिस्सा १, वजा ३ म्हणजे −२, वर्ग ४, आणि एक मिळून ५. समीकरणाचा ताळा दोन्हींचा जमतो! तरी भास्कराचार्यांनीं ५ हें उत्तर घेतलें नाहीं, कारण तेथें वजाबाकी ऋण होते, आणि वानरांची संख्या ऋण कशी असेल? आपल्या पट्टीच्या भाषेंत सांगावयाचें तर ‘पांचवा हिस्सा वजा ३ हें ऋण नाहीं’ ही ओळ प्रश्नाच्या शब्दांतच होती, पण समीकरणांत ती उतरली नाहीं. शब्दांत दिलेलें उदाहरण लिहितांना अशा अटी पहिल्याच दोन-तीन ओळींत, ‘दिलेल्या अर्थावरून’ असें कारण देऊन मांडाव्या. समीकरण त्यांची आठवण ठेवीत नाहीं.

आतां या पद्धतीच्या मर्यादाही सांगतों, नाहीं तर उद्यां कांहीं मुलें दोन आणि दोन चार यालाही कारण लिहूं लागतील. तसें करणारीं मला भेटलीं आहेत. तीस ओळींचें गणित कोणी वाचीत नाहीं, आणि महत्त्वाचीं दोन कारणें त्या गर्दींत हरवून जातात. जी गोष्ट वाचणारा तोंडीं करील तिची वेगळी ओळ करूं नये. वर मीं आठव्या ओळींत वजाबाकी व अवयव अशीं दोन कामें एकत्र ठेवलीं, हें आपल्या ध्यानांत आलें असेलच. तेथें एका वाक्यांत काम भागतें आणि धोका नाहीं. परंतु वर्ग, भागाकार आणि वर्गमूळ काढणें हीं तिन्ही कधींही दुसऱ्या कामाबरोबर एका ओळींत घालूं नयेत.

शिवाय या रीतीनें गणित सुचत नाहीं. सुचतें तें कच्च्या कागदावर, खाडाखोडींत. पट्टीचा कागद नंतरचा. प्रथम डावी बाजू पुरी उतरावी, मग वरून खालीं कारणें लिहीत यावें, मोडावयाच्या ओळी मोडाव्या, आणि आंकडे सर्वांच्या शेवटीं घालावे. आधीं आंकडे घातले आणि मध्यें एखादी ओळ घुसवावी लागली, कीं पुढचे सारे उल्लेख एकेकानें सरकतात. ‘(५) चा वर्ग’ असें लिहिलेलें असतें आणि पांचवी ओळ भलतीच झालेली असते. मध्येंच ओळ घालणें आलेंच तर तिला ‘४ अ’ म्हणावें व बाकीच्यांना हात लावूं नये.

ती प्रश्न विचारणारी मुलगी तीन-चार दिवसांनीं पुन्हां माझ्या टेबलापाशीं आली. तिच्या कागदावर त्याच समीकरणाच्या फक्त पांच ओळी होत्या, आणि त्यांत वर्ग एकदांही केलेला नव्हता. तिनें माझी ती फुकट गेलेली दुसरी ओळ घेतली होती. क्ष निदान १ आहे; म्हणून ३क्ष + १ निदान ४ आहे; म्हणून पहिलें मूळ निदान २ आहे. दुसरें मूळ निदान शून्य आहे. दोहोंची बेरीज बरोबर २ व्हावयाची, तर क्ष = १. प्रत्येक ओळीसमोर आंकड्यासह कारण होतें. शेवटच्या ओळीसमोर मात्र नुसतें ‘वरील ओळींवरून’ असें लिहिलेलें होतें.

मीं त्या शब्दांवर बोट ठेवलें आणि कांहींच बोललों नाहीं. ती क्षणभर थांबली, मग तेथेंच उभ्याउभ्या तिनें तें खोडलें आणि लिहिलें, ‘क्ष हा १ पेक्षां मोठा असता तर पहिलें मूळ २ पेक्षां मोठें झालें असतें, आणि दुसरें ऋण नसल्यामुळें बेरीज २ वर जाऊन (१) खोटें झालें असतें; म्हणून (२) वरून क्ष = १ च.’ मग म्हणाली, ‘आणि गुरुजी, ताळा पाहिला आहे. पहिलें मूळ दोन, दुसरें शून्य.’